टिकलीचा पहारा

फार पूर्वी बाभळीच्या रानात सातभाई पक्ष्यांच्या थव्यात टिकली नावाचं पिल्लू होतं. तिच्या आत्याने पहाऱ्यावर मान वळवली की तीही उगाच वळवायची. मग ती एकटीच कधी आई होऊन काडीला भरवू लागली, कधी पहारेकरी होऊन ओरडू लागली.

पुढे पिल्लं खेळ खेळायची: एकाने ससाणा होऊन पकडायचं, एकाने पहारा द्यायचा. टिकली पहारा सोडून किड्यामागे गेली आणि सगळी पिल्लं पकडली गेली. "तुझ्या भरवशावर होते मी," तिची धाकटी बहीण रडली. तेव्हापासून खेळताना प्रत्येकाचं काम ती ध्यानात ठेवू लागली.

एकदा खरा पहारा तिच्याकडे आला. जवळच अळी होती, बघणारं कुणी नव्हतं. 'आपल्यात असं करत नाहीत,' तिला आतून वाटलं. ती हलली नाही. ससाणा झेपावताच ओरडली, सगळे वाचले.

"एकटीने निभावलंस," आत्या म्हणाली.

"एकटी कुठे? तुम्ही सगळे मनात होतात. पहारा तुमच्यातच शिकले, उपकार तुमचेच, आत्या."