कावळा बसला त्या दिवशी

फार पूर्वी आंब्याच्या एका फांदीवर घारीचा दरबार भरे. टकटकीने झोपमोड होते म्हणून तिने सुतारपक्षी हाकलून दिले होते. एके दिवशी कावळा टेकला आणि फांदी दरबारासकट कोसळली. राज्य बुडालं.

"घात कावळ्यानेच केला!" नवा राजा ससाणा गरजला.

कावळा कसाबसा म्हणाला, "महाराज, मी शेजारच्या फांदीवरही रोज बसतो. ती कुठे मोडली?"

साक्षीला बोलावलेल्या सुतारपक्ष्याने मोडकी फांदी फोडली. आत नुसता भुसा. "आम्ही टिपून खायचो, त्या भिरूड किड्यांनी दहा वर्षं पोखरली. कावळा नसता, तर वाऱ्याने पडली असती. दिवस तेवढा कावळ्याने ठरवला."

ससाण्याला पटलं. शेजारच्या फांदीवर बसून त्याने पहिला हुकूम काढला, "इथे कावळ्यांनी बसू नये. आणि टकटक बंद."

कावळा उडाला. उडताना त्याला फांदीच्या आत बारीक कुरतुड ऐकू आली.