पातेल्याच्या बुडाचा डाग

जनावरंही चूल पेटवत असत, तेव्हाची गोष्ट. कासवाने साळू नावाच्या साळिंदराला पुरातून पाठीवर वाहून आणलं होतं, म्हणून ती त्याच्यासाठी पहिल्यांदाच खरवस करायला बसली. खाली साखरेचा लालसर पाक, वर चीक. गाईने चीक वाटीभरच दिला होता.

साळूने पातेल्यात साखर घालून जाळ भडकवला.

“अगं, माझं बूड पातळ आहे, जाळ कमी कर,” पातेलं म्हणालं.

“कासवदादा येतीलच आता!”

कडेची साखर वितळून लाल झाली, मधली कोरडीच राहिली. ती वितळेतो कड काळी पडून धुरावली. साळूने पातेलं उतरवलं, तरी तापल्या बुडावर पाक काळवंडतच गेला. रडकुंडीला येऊन तिने चिकाची वाटी उचलली.

“ओतू नकोस!” पातेलं ओरडलं. “हवं तर मला फेक, पण चीक वाचव. हा कडूपणा लपायचा नाही.”

साळूचा हात थांबला. पातेलं निवल्यावर तिने घासलं, नवी साखर मंद जाळावर हलकेच फिरवत वितळवली आणि मधाचा रंग येताच उतरवली. उरलेला रंग बुडाच्या उष्णतेनेच चढला. पाक थंडावल्यावर चीक ओतून तिने खरवस वाफवला.

कासवाने वाटीतला खरवस चाटूनपुसून खाल्ला. “कुणी शिकवलं गं?”

साळूने पातेल्याच्या बुडाचा न निघालेला काळा डाग हळूच कुरवाळला.

“यानं. चूक माझी होती, चटका यानं सोसला.”