पडद्याकडे तोंड करून

माझ्या तरुणपणी, राजे होते आणि रस्ते कमी होते त्या काळातली ही गोष्ट. मला ती जशी आठवते तशी सांगतो. ती नीट आठवते की नाही, याची मात्र मला खात्री नाही. इतका शिकलो, पण आठवणीच्या बाबतीत अजून माझ्यावर विसंबू नये, असं वाटतं.

एका राज्याच्या शेवटी, जंगलाला लागून एक घर होतं. ज्यांना कोणी नाही, अशी माणसं शेवटचे दिवस काढायला तिथे येत. त्यांच्या उशाशी बसायला गावोगावची माणसं विनामोबदला येत. घर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणत.

नव्यांनी पहिल्या दिवशी आपली ओळख करून द्यायची, आणि तीही एकमेकांकडे नाही, तर ओसरीच्या टोकाला लावलेल्या जाड पडद्याकडे तोंड करून, अशी तिथली रीत होती. पडद्यामागे आजारी माणसांच्या खाटा होत्या.

"त्यांना माणसं निवडता येत नाहीत," आक्का म्हणाल्या. "निदान कोण येतंय, ते त्यांना कळू दे. नाव सांगा, गाव सांगा. का आलात ते सांगा. काय जमणार नाही, तेही सांगा. आणि ‘सेवा’ हा शब्द नको. तो सगळेच वापरतात."

त्या दुपारी धुकं इतकं होतं की अंगणातलं झाड दिसत नव्हतं. नवे दोघेच होते, एक शास्त्री आणि एक विणकरीण.

शास्त्री उभे राहिले ते पडद्याकडे पाठ करून. करुणेवर ते सुरेख बोलले. मधेच पडद्यामागून कोरडा, बारीक आवाज आला, "कोण आहे?"

शास्त्री क्षणभर थांबले, आणि वाक्य पूर्ण करून पुढे गेले.

"काय जमणार नाही?" आक्कांनी विचारलं.

"असं काही नाही."

"मरण जवळून पाहिलंय?"

"त्याविषयी पुष्कळ वाचलंय."

आक्का गालात हसल्या. "मग त्याला तुमची ओळख असेल."

विणकरीण उठली. तिने वाटेत एक वाक्य पाठ केलं होतं, दुसऱ्यांचं दुःख बघवत नाही असं काहीतरी. हे काम नाही मिळालं, तर घरी परत जाऊन त्या एका दाराकडे बघत बसावं लागेल, याची तिला धास्ती होती. खरं सांगितलं तर आक्का ठेवून घेणार नाहीत, असंही तिला वाटत होतं.

"मला दुसऱ्यांचं दुःख..." तिने सुरुवात केली.

"कोण आहे?" पडद्यामागून आवाज आला.

पडदा हलत नव्हता. श्वासाचाही आवाज नव्हता.

"मी आहे," ती म्हणाली. मग सावकाश बोलू लागली. "माझी आई हेच विचारत होती. ‘कोण आहे?’ मी दाराबाहेर उभी होते. मला भीती वाटली, मी ओ दिली नाही. ती विचारत विचारत गेली. मी तुमच्यासाठी नाही आले, माझ्यासाठी आले. मला एकदा तरी ओ द्यायची आहे. आणि एकटीने बसायला जमणार नाही. मी पळून जाईन."



"आई जाऊन किती दिवस झाले?" आक्कांनी विचारलं.

"दोन पावसाळे गेले."

"चालेल. कालपरवाची गोष्ट असती, तर घरी पाठवलं असतं. दाराजवळची खाट घे. शेजारी जुनी बाई बसेल. ओठ कोरडे पडले की फडकं भिजवून टिपायचे. ‘बरे व्हाल’ असं म्हणायचं नाही. पळावंसं वाटलं तर पळ, पण तिला सांगून पळ."

शास्त्र्यांनाही आक्कांनी जोडीदार दिला होता. त्यांनी तो परत पाठवला. संध्याकाळी एका म्हाताऱ्याने त्यांचं मनगट धरलं आणि सोडेना. शास्त्र्यांनी हात हिसडून सोडवला, "आलोच" म्हणाले, आणि धुक्यात गेले ते गेलेच. म्हातारा बराच वेळ पाणी मागत राहिला. शेवटी ओ दिली ती दाराजवळच्या खाटेशेजारून, विणकरणीने. शेजारच्या बाईला सांगून ती उठली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. सकाळ व्हायच्या आत म्हातारा गेला, तेव्हा त्याचा हात तिच्या हातात होता.

पुढे ती म्हातारी होईपर्यंत त्याच घरात राहिली. नव्यांची ओळख तीच ऐकायची.

आपण का आलो हे जो खरं सांगतो, त्याच्याच सोबतीवर दुसऱ्याला विसंबता येतं.

बोध इतकाच. पण ‘कोण आहे’ म्हणणारा तो आवाज मला स्वस्थ बसू देईना. बऱ्याच वर्षांनी मी त्या घरी गेलो आणि आक्कांबरोबर काम केलेल्या दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांनी एकच सांगितलं. त्या दुपारी पुढची खोली सारवायला काढली होती, सगळ्या खाटा मागच्या घरात नेल्या होत्या, आणि पडद्यामागे कोणीही नव्हतं.