गोधडीचं दुसरं टोक

“पण आक्का, मी विचारलं आणि तो मोडून पडला तर?”

म्हाळसाआक्का ओढ्यावर गोधडी धूत होत्या. मठातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या त्याच. विचारणारी सुनेत्रा दहा वर्षांपासून त्यांची शिष्या. तालुक्याला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. घर एकटीच्या जिवावर चालवते, याचा केवढा तोरा बाईंना! आज मात्र सल्ला मागायला आली होती.

नवरा श्रीरंग चौदा महिने घरी होता. कारखाना बंद पडल्यावर त्यानं चार महिने अर्ज केले, दोन मुलाखती दिल्या. दुसरीहून परतला तो तीन दिवस बोललाच नाही. सुनेत्राची पाचावर धारण बसली. म्हणाली, “राहू दे रे, मी आहे ना!”

आणि गडी खरंच राहिला. आता उन्हं वर आली की उठतो, मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. अर्ज नाही, चौकशी नाही. मजेत आहे.

हिची लॅब चैत्रात बंद होणार, हे मात्र हिनं त्याला सांगितलेलंच नाही.

“समज, मी श्रीरंग. बोल,” आक्का म्हणाल्या.

“लाज नाही वाटत बसून खायला?”

आक्कांनी पाठ फिरवली.

...

“श्रीरंग, मला भीती वाटते रे.” सुनेत्रानं पुन्हा सुरुवात केली. “चैत्रात माझी नोकरी जातेय. तुझ्यापासून लपवलं, चुकलंच माझं. घरी राहा असं मीच म्हणाले, पण ते कायमचं नव्हतं. त्या मुलाखतीत काय झालं, मी कधी विचारलं नाही. तुझ्या मनात काय आहे ते सांग. मग दोघं ठरवू... असं अजून किती दिवस, तोवर घरातलं काय काय तू बघायचं आणि काम शोधायला कधी लागायचं.”

आक्का वळल्या. “मला असंच बरं वाटतं. नाही शोधणार.”



“असं म्हणाला तर, आक्का?”

“म्हणेलही.”

“मग मी काय करू?”

आक्कांनी गोधडीचं एक टोक तिच्या हातात दिलं. मठात गोधडी दोघींनी पिळायची, एकीनं इकडं, दुसरीनं तिकडं पीळ द्यायचा. पण सुनेत्रानं सवयीनं सगळीच ओढून घेतली.

“सोडा आक्का, तुमचे हात दुखतील. मी करते.”

आक्कांनी सोडली.

ओली गोधडी एकटीला कुठली आवरतेय! एक बाजू पिळावी तर दुसरी चिखलात. साडी भिजली, खांदे भरून आले. शेवटी तिनं एक टोक पुढं केलं.

आक्का हात मागं बांधून उभ्या.

...

“धरा ना, आक्का.” सुनेत्रा रडायलाच लागली. “मला एकटीला नाही पेलत हो!”

आक्कांचे हात मागंच.

“हे शब्द इथं कशाला सांडतेस, बये? घरी ने.”