दोन सोंडा पाणी

कडाड! उतारावरचा जुना उंबर मोडून पडला, तो आवाज हत्तीने लहानपणी ऐकला होता. मुलांनो, तेव्हापासून नदीकडे जाणाऱ्या त्या वाटेवर सावली उरली नाही. पुढे तोच हत्ती त्या वॉर्डाचा नगरसेवक झाला आणि दर आषाढात त्या उतारावर वृक्षारोपणाचे उद्घाटन करू लागला.

यंदाही फीत बांधली होती, हार आला होता. हत्तीचा कार्यकर्ता कोल्हा भाषणाचा कागद पुढे करून कुजबुजला, "साहेब, यंदा पाचशे रोपं म्हणा. टाळ्या आकड्याला पडतात."

"खड्डे मात्र गेल्या वर्षीचेच!" माकड ओरडले. "खणायचे कष्ट वाचले की हो!"

सगळे हसले. हरिणी हसली नाही. गेल्या वैशाखात पाण्याला जाताना तिचे पाडस याच उतारावर उन्हाने कोसळले, ते पुन्हा उठलेच नव्हते. ती म्हणाली, "दादा, सावली देतो म्हणाला होतात. आता पोटात दुसरं आहे. त्याला कुठल्या वाटेने नेऊ?"

हत्तीने खाली पाहिले. समोरच्या खड्ड्यात एक वाळकी काडी उभी होती. ती त्याने सोंडेने उपसली, तर मुळांसकट रोपाची काळी प्लास्टिकची पिशवीच वर आली. ते रोप त्याने स्वतः लावले होते. त्याने कागद कोल्ह्याला परत दिला.

"मंडळी," तो हळू म्हणाला, "पिशवी फाडायचीही तसदी मी घेतली नव्हती. मुळं आतच कोंडली. पाऊस सरल्यावर पाणी घालायला एकदाही आलो नाही. म्हणून आज आकडा सांगत नाही. एकच करंज लावतो. तीन उन्हाळे, दर शनिवारी, त्याला दोन सोंडा पाणी मी स्वतः घालीन. एवढंच बोलतो."

टाळी पडली नाही. हत्तीने पिशवी फाडली, खड्ड्यात शेणखत घातले, रोप बसवून माती दाबली, आधाराला काठी रोवली. भोवती आळे केले आणि काटेरी फांद्यांचे कुंपण घातले.

वैशाख आला. नदी आटून दूरच्या डोहात गेली. एका शनिवारी कोल्हा म्हणाला, "साहेब, आज तुमचा सत्कार आहे. एका शनिवारने काय बिघडतंय?"

हत्ती डोहाकडे वळला. तापलेल्या वाटेने त्याच्या तळपायांना भेगा पडल्या होत्या. तो उतारावर पोचला तेव्हा हरिणी नव्या पाडसाला घेऊन उभी होती. त्याने एक सोंड पाणी आळ्यात सोडले आणि तसाच मागे फिरला. दुसऱ्यांदा सोंड भरून परत आला, तेव्हाही ती तिथेच होती.

"ताई," तो म्हणाला, "यंदा सावली नाही मिळायची. एवढंच आहे."

हरिणीने ओली माती हुंगली. करंजाला पाच पाने होती. तिने हत्तीकडे एकवार पाहिले आणि पाडसाला घेऊन नदीच्या वाटेने निघून गेली.

तात्पर्य : झाड लावायला एक दिवस पुरतो, ते जगवायला दिलेला शब्द दर वेळी नव्याने पाळावा लागतो.