मनोऱ्याच्या पोटातली वीट

दोन नद्यांमधल्या, दगड न मिळणाऱ्या मुलखातली ही फार जुनी गोष्ट. देवाच्या उंच मनोऱ्याच्या पोटात, वेताच्या चटयांच्या थरांमध्ये, उन्हात वाळवलेली एक कच्ची वीट होती. बाहेर डांबरात बसवलेल्या भाजक्या विटा होत्या आणि आतली ओल निघून जायला भोकं होती.

"भोकांनी आमचं रूप जातं," म्हणत भाजक्या विटांनी ती मनोऱ्यावर मातीची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांकडून चिखलाने बुजवून घेतली.

"अगं, ओल अडली तर मी फुगेन!" कच्ची वीट म्हणाली. कुणी ऐकलं नाही. पावसात आतली माती फुगली आणि भाजकी भिंत ढासळली.

"सगळंच पाडू या?" मजुरांनी विचारलं.

"नको," गवंडी इलुशू म्हणाला. "गाभा शाबूत आहे. वाळला की त्याच्याभोवतीच आणखी उंच मनोरा बांधू. भोकं मात्र उघडी ठेवा."

कच्च्या विटेला पुन्हा ऊन दिसलं नाही. पण देवाचं सगळं घर आपण पेलतोय, या अभिमानाने तिचा ऊर भरून आला.