सवतीचं लुगडं

फार फार मागे, वेळशेत गावात विहिरींपेक्षा भुतं जास्त होती तेव्हाची ही गोष्ट. घाटावरची येसू तिथे दुसरेपणाची सून म्हणून आली. रिवाजाप्रमाणे मेलेल्या सवतीचा, सगुणेचा, चांदीचा टाक, तिच्या नावानं घडवलेली छोटी प्रतिमा, येसूच्या गळ्यात पडला.

पहाटे उठून दळण, मग नदीवरचं पाणी. दुपारी येसू पाठीवर कलंडायची आणि भलतंच व्हायचं. डोळे उघडे, चुलीवरचं आधण ऐकू येतंय, पण बोटही हलत नाही. छातीवर कुणीतरी बसलेलं. थोड्या वेळानं करंगळी हलली, की सारं नाहीसं.

पहिल्यांदा तिला शेंडीवाला मुंजा दिसला. माहेरच्या पिंपळावर तोच होता ना! ती घाबरून सासूला सांगायला गेली.

"मुंजा कुठला? इथं पिंपळच नाही," सासू म्हणाली. "सगुणाच ती. हिरव्या लुगड्यातली."

दुसऱ्या दिवशी छातीवर हिरवं लुगडं येऊन बसलं.

सासूनं भगताला बोलावलं. भगत म्हणाला, "सवत चिडलीय. अवसेआधी हिला माहेरी धाडा, नाहीतर जीव जाईल." परत धाडलेल्या सुनेला माहेरी कोण विचारतं, हे येसूला ठाऊक होतं.

तेवढ्यात सासूला आठवलं, "हिरवं नव्हे गं, गेली तेव्हा लाल नेसली होती."

त्या दुपारी लाल लुगडं आलं.

येसूचा पार गोंधळ उडाला. मेल्यावरही सासू सांगेल तेच नेसायचं? मग ही सगुणा, की सासूची सगुणा? ओझं तर तेच होतं, मुंजाचं तेच, सवतीचं तेच. तरी ते खरं नव्हतं असंही म्हणवेना.

गाठोडं बांधून झालं, भगत दारात येऊन उभा राहिला. येसूनं त्याच्यासमोरच विचारलं, "आत्याबाई, मला तिचं तोंड दिसतच नाही. ती हसायची कशी?"

सासू हळूच म्हणाली, "पदर तोंडात कोंबून. माझ्याच बोलण्यावर, मेली!" आणि रडायला लागली. सगुणा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली.

"बाई, माहेरी धाडायचं ना?" भगतानं विचारलं.

"गप बस तू!" सासू गाठोडं सोडत म्हणाली.

त्या दुपारी छातीवर कुणीतरी आलं. येसूनं मनातच म्हटलं, बस बाई, दमली असशील. असं म्हणतात, पदराआडून खुदकन आवाज आला आणि ओझं सरकून शेजारी निजलं. कुणी म्हणतं, येसू कुशीवर वळली, एवढंच. ती स्वतः म्हातारपणीही सांगायची, "मला नाही बाई कळलं."

वेळशेतात अजूनही नव्या सुनेला कुशीवर निजवतात. ती दचकून उठली, तर तिचं सांगून होईपर्यंत कुणी भुताचं नाव काढत नाही. कुणाची जीभ घसरलीच, तर म्हाताऱ्या दटावतात, "येसूआईची आण, आधी पोरीला बोलू दे!"